रिप्लाय दाबताच भाषांतर गायब: मेलचा मूळ मजकूर कधी जसाच्या तसा जातो आणि कधी बदलतो

तक्रार बहुतेक वेळा अशी येते: "जर्मन मेल मराठीत करून वाचला, रिप्लाय दाबला, तर खाली परत जर्मनच. केलेलं भाषांतर गेलं कुठे?" आणि काही दिवसांनी, पुष्कळदा त्याच माणसाकडून, नेमकी उलटी: "समोरचे विचारतायत, आमच्या पत्राखाली आमच्याच नावावर ही कुठली लिपी?"

पहिल्या तक्रारीत काहीच बिघडलेलं नाही. मेल जसा चालायला हवा तसाच चालला आहे. दुसरीत मात्र खरोखर घोटाळा झालेला आहे, आणि तो पाठवणाऱ्याच्या लक्षात आलेला नसतो. दोन्हींमधला फरक एवढाच की भाषांतर कोणी केलं: मेलच्या प्रोग्रॅमने, की तो प्रोग्रॅम ज्या ब्राउझरमध्ये उघडला होता त्या ब्राउझरने.

भाषांतर हा फक्त पडदा आहे

आलेला मेल सर्व्हरवर एका ठरावीक रूपात साठवलेला असतो. जीमेल किंवा आउटलुकमध्ये भाषांतराचं बटण दाबलं की त्या साठवलेल्या मजकुराला हात लागत नाही. त्याची एक नक्कल भाषांतराच्या सेवेकडे जाते आणि परत आलेला मराठी मजकूर मूळ मजकुराच्या जागी दाखवला जातो. खिडकीवर पडदा ओढला म्हणून बाहेरचं झाड तोडलं जात नाही, तसंच.

रिप्लाय दाबल्यावर प्रोग्रॅम खालचा जुना मजकूर, म्हणजे ऑफिसात ज्याला आपण ट्रेल मेल म्हणतो तो, पडद्यावरून उचलत नाही. साठवलेल्या मेलमधून उचलतो. म्हणून खाली जर्मन येतं. फॉरवर्डचंही तेच. "हे मराठीत केलेलं पत्र बाबांना पाठवते" असं म्हणून फॉरवर्ड केलं तर बाबांच्या फोनवर जर्मनच पोहोचणार. त्यांना मराठी हवं असेल तर त्यांनी त्यांच्याकडे भाषांतर करायचं, किंवा पाठवणाऱ्याने मराठी मजकूर कॉपी करून फॉरवर्डच्या वरच्या भागात चिकटवायचा.

हे असंच असायला हवं याचं कारण सरळ आहे. ट्रेल हा समोरच्याने काय लिहिलं याचा पुरावा असतो. त्याच्या "अमुक तारखेला तमुक यांनी लिहिलं" या ओळीखाली यंत्राने केलेला मजकूर जाऊ लागला तर आपण त्याच्या तोंडी त्याने न बोललेले शब्द घातल्यासारखं होतं.

जीमेलमध्ये एक गोंधळ मात्र नेहमीचा आहे. भाषांतर झाल्यावर वरच्या पट्टीत मूळ संदेश परत दाखवण्याचा दुवा असतो. तो पडदा बाजूला करतो, बस्स. पण संगणकावर त्याच मेलच्या तीन टिंबांच्या मेनूत `Show original` नावाचं आणखी एक कलम असतं, आणि ते भलतंच काहीतरी करतं: मेलचा कच्चा स्रोत, सगळ्या हेडरांसकट, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या तांत्रिक ओळींसकट, नव्या टॅबमध्ये उघडतं. मूळ जर्मन बघायला गेलेल्या माणसापुढे अचानक पानभर कोड आला की मेल हॅक झाला असं वाटून तो घाबरतो. काही झालेलं नाही. टॅब बंद करा. त्या कच्च्या पानाचा उपयोग आपल्याला पुढे होणार आहे.

आधी ट्रेल उघडून बघा

कुठलीही दुरुस्ती करण्याआधी ट्रेलमध्ये सध्या काय आहे ते बघायला हवं, आणि इथेच बहुतेकांचं राहून जातं. जीमेलच्या रिप्लायच्या चौकटीत ट्रेल मिटलेला असतो. तळाशी राखाडी रंगाची तीन टिंबं दिसतात, ती दाबली की तो उलगडतो. उलगडल्याशिवाय पाठवलेल्या उत्तरात खाली काय गेलं हे पाठवणाऱ्याला कळतच नाही, आणि पाठवलेला मेल परत उघडला तरी तिथेही ट्रेल मिटलेलाच असतो.

तेव्हा ट्रेल उलगडा आणि तीनपैकी काय दिसतं ते पाहा. पूर्ण जर्मन मजकूर असेल तर सगळं ठीक आहे. जर्मनच पण एकच परिच्छेद असेल तर निवडीची भानगड आहे. आणि मराठी, किंवा अर्धं मराठी अर्धं जर्मन असेल, तर ब्राउझर मध्ये पडला आहे.

ट्रेलमध्ये एकच परिच्छेद आला

हे थंडरबर्ड, मॅकवरचं ॲपल मेल आणि आयफोनवरचं मेल वापरणाऱ्यांना भेटतं. या तिन्हींत एक जुनी आणि एरवी फार सोयीची सवय आहे: रिप्लाय दाबताना मेलमधला काही मजकूर निवडलेला असेल तर ट्रेलमध्ये फक्त तेवढाच घ्यायचा.

भाषांतर करताना माणूस नेमकं तेच करतो. एखादं वाक्य अडलं की ते निवडायचं, मेनूतून भाषांतर करायचं, अर्थ वाचून छोटी खिडकी बंद करायची. खिडकी बंद होते, निवड तशीच राहते. लगेच रिप्लाय दाबला की चार परिच्छेदांच्या मेलमधला एकच परिच्छेद ट्रेलमध्ये जातो. समोरच्याला वाटतं आपल्या बाकीच्या प्रश्नांना यांनी कात्री लावली.

उपाय दोन सेकंदांचा आहे. रिप्लायच्या आधी मेलमधल्या रिकाम्या जागी एकदा क्लिक करा, निवड जाईल. हे लक्षात राहणार नाही असं वाटत असेल तर सवयच बंद करता येते. ॲपल मेलमध्ये सेटिंग्जच्या `Composing` या भागात उत्तरात मजकूर घेण्याबाबतचा पर्याय आहे, तिथे पूर्ण मजकूर घेण्याचा निवडा. थंडरबर्डमध्ये सेटिंग्ज, मग `General`, पानाच्या अगदी तळाशी `Config Editor`, आणि तिथे हे नाव शोधून त्याची किंमत `false` करा:

```
mailnews.reply_quoting_selection
```

थंडरबर्डचा आणखी एक बारकावा सांगण्यासारखा आहे, कारण तो डोकं खातो. त्यात भाषांतर सहसा ॲड-ऑनने करतात, आणि काही ॲड-ऑन छोटी खिडकी न काढता संदेशाच्या जागीच मराठी मजकूर बसवतात. अशा वेळी काहीही न निवडता रिप्लाय दाबलं तर ट्रेल साठवलेल्या मेलमधून येतो, म्हणजे जर्मन. पण मजकूर निवडून रिप्लाय दाबलं तर निवड ही पडद्यावरची असते, म्हणून ट्रेलमध्ये मराठी जातं. एकाच मेलला, एकाच संगणकावर, दोन वेळा दोन वेगळे ट्रेल का आले याचं उत्तर एवढ्यात आहे.

ट्रेलमध्ये मराठी गेलं

आता खरा घोटाळा. मेल क्रोममध्ये उघडलेला आहे. ब्राउझरला पानावर जर्मन दिसतं, तो पत्त्याच्या पट्टीजवळून विचारतो की पान मराठीत करू का. किंवा माणूस स्वतःच पानावर राइट क्लिक करून भाषांतर निवडतो, कारण ते बटण ओळखीचं आहे आणि मेलमधलं सापडत नाही. दोन्ही दिसायला सारखंच. पण ब्राउझरला मेल म्हणजे काय हे माहीत नसतं. त्याच्या लेखी ते एक पान आहे, आणि तो त्या पानावरचे शब्द जागच्या जागी बदलतो. भाषांतर चालू असेपर्यंत पानावर जे नवीन काही उमटेल तेही बदलत राहतो.

मग आपण रिप्लाय दाबतो. मेलचा प्रोग्रॅम इमानाने साठवलेला जर्मन ट्रेल लिहिण्याच्या चौकटीत आणून ठेवतो. पण ती चौकट त्याच पानाचा भाग आहे. ब्राउझरला नवीन जर्मन मजकूर दिसतो, तो त्याचंही मराठी करून टाकतो. इथे फरक असा की वाचायच्या भागातला बदल पडद्यापुरता असतो, लिहिण्याच्या चौकटीतला मजकूर मात्र पाठवायचा असतो. प्रोग्रॅम मसुदा साठवतो तो त्या चौकटीत जे आहे ते. पडदा आता भिंतीवरच रंगवला गेला.

चौकट साध्या मजकुराची असेल तर हा त्रास होत नाही. राउंडक्यूबसारख्या वेबमेलमध्ये एचटीएमएलऐवजी साधा मजकूर निवडला की लिहिण्याची जागा फॉर्ममधल्या रकान्यासारखी होते, आणि रकान्यात भरलेलं ब्राउझर भाषांतरित करत नाही. विषयाची ओळही याच कारणाने बहुधा वाचते.

क्रोमचं काम ओळखण्याची खूण पक्की आहे. ते प्रत्येक बदललेल्या तुकड्याभोवती एकात एक असे दोन `font` टॅग घालतं:

```
<font style="vertical-align: inherit;">
<font style="vertical-align: inherit;">…</font></font>
```

पाठवलेल्या मेलमध्ये हे सापडलं तर शंका घ्यायला जागा नाही. जीमेलमध्ये तो पाठवलेला मेल उघडून वर सांगितलेलं `Show original` काढा आणि पानात `vertical-align` शोधा. पूर्ण ओळ शोधू नका, कारण कच्च्या स्रोतात बरोबरचं चिन्ह `=3D` असं लिहिलेलं असू शकतं आणि ओळ मध्येच तुटलेली असू शकते, मग शोध रिकामा येतो. मेलमध्ये देवनागरी बरीच असेल तर आणखी एक अडथळा: सगळा भाग बेस64 नावाच्या सांकेतिक रूपात गुंडाळलेला असतो. एचटीएमएलचा भाग `PGRpdiBkaXI9` असल्या अक्षरांनी सुरू होत असेल तर तसंच समजा. त्यात शोधून काही हाती लागत नाही. मग सोपा रस्ता: भाषांतर बंद ठेवून पाठवलेला मेल उघडा, ट्रेल उलगडा, त्यावर राइट क्लिक करून `Inspect` घ्या. टॅग लगेच दिसतात.

मसुदा अजून पाठवलेला नसेल तर वाचवता येतो, पण चौकटीतला बिघडलेला ट्रेल दुरुस्त करण्याच्या नादी लागू नका. ब्राउझरला परत मूळ भाषा दाखवायला सांगितलं तर कधी ट्रेल जर्मन होतो, कधी अर्धाच होतो, आणि मध्ये स्वयंचलित साठवण होऊन गेली असेल तर मराठीच राहतो. हा क्रम भरवशाचा आहे:

1. आपण लिहिलेलं उत्तर, फक्त तेवढंच, कॉपी करून नोटपॅडमध्ये ठेवा. नोटपॅडच, वर्ड नको, कारण नोटपॅडमध्ये लपलेले टॅग गळून पडतात.
2. मसुदा टाकून द्या. तो ड्राफ्टमध्ये उरला नाही याची खात्री करा, नाहीतर पुन्हा रिप्लाय दाबल्यावर तोच उघडेल.
3. पत्त्याच्या पट्टीतल्या भाषांतराच्या चिन्हावर जा, त्याच्या तीन टिंबांच्या मेनूतून `Never translate this site` निवडा.
4. पान पुन्हा लोड करा. ही पायरी गाळू नका. लोड होईपर्यंत जुने बदललेले तुकडे पानात तसेच असतात.
5. रिप्लाय दाबा, ट्रेल उलगडून बघा, मग नोटपॅडमधलं उत्तर चिकटवा.

तिसरी पायरी एकदाच करायची आहे. त्यानंतर ब्राउझर त्या साइटच्या वाटेला जात नाही आणि मेलमधलं स्वतःचं भाषांतर पूर्वीसारखंच चालतं. फायरफॉक्समध्येही भाषांतराच्या चौकटीतल्या चक्राच्या मेनूत असाच पर्याय आहे.

आपल्या उत्तराचं काय, हेही बघा. ब्राउझर चौकटीत काम करत असेल तर तो फक्त ट्रेलवर थांबत नाही. इंग्रजीत टाइप केलेल्या वाक्याचं मराठी होणं, कर्सर शब्दाच्या मध्ये उडी मारणं, एखादं अक्षर दोनदा उमटणं, कधी सगळी चौकटच गोठणं किंवा पान पांढरं होणं, ही त्याचीच लक्षणं. आजचे वेबमेल आपल्या पानाचा हिशोब स्वतः ठेवतात. ब्राउझरने परस्पर टॅग घुसवले की त्यांचा हिशोब चुकतो. संगणक जुना झाला किंवा नेट मंद आहे असं समजून लोक दिवस काढतात.

पाठवून झालं असेल आणि जीमेलचा `Undo` निसटला असेल (तो वेळ सेटिंग्जमध्ये 5 पासून 30 सेकंदांपर्यंत ठेवता येतो), तर एक छोटा खुलासा पाठवलेला बरा: खालचा मजकूर आपल्या ब्राउझरने बदलला होता, मूळ पत्र आमच्याकडे जसंच्या तसं आहे. संभाषणाच्या धाग्याला मात्र धक्का लागत नाही. कोणता मेल कशाचं उत्तर आहे हे प्रोग्रॅम `In-Reply-To` आणि `References` या हेडरांवरून ओळखतो, ट्रेलमधल्या शब्दांवरून नाही. म्हणून पुन्हा पाठवलेलं उत्तर त्याच जागी जाऊन बसतं. विषयाची ओळ मात्र हौसेने मराठीत करू नका. जीमेल विषय बदलला की नवं संभाषण सुरू करतं, आणि समोरच्या कार्यालयात विषयातल्या क्रमांकावरून पत्रं लावली जात असतील तर आपलं उत्तर वेगळ्याच फाइलला जातं.

एक मेल शेवटपर्यंत

पुण्यातल्या एका विद्यार्थिनीला जर्मन विद्यापीठाच्या कार्यालयातून असा मजकूर आला आहे असं धरू:

```
Ihr Gespräch ist am 3. Juni um halb drei.
Der Semesterbeitrag beträgt 1.250 Euro.
Bitte senden Sie bis 20.05. beglaubigte Kopien,
keine Originale.
```

भाषांतराच्या पडद्यावर पहिली ओळ "साडेतीन वाजता" अशी आली तर नवल नाही. `halb drei` म्हणजे तिनाकडे जाताना अर्धा तास, म्हणजे अडीच. मराठी माणसाला हे खरं तर सोपं जायला हवं, कारण आपल्याकडेही अडीच हा वेगळा शब्द आहे. पण पुष्कळ भाषांतरं इंग्रजीच्या वाटेने येतात, आणि इंग्रजी बोलीत "अर्धा तीन" म्हणजे साडेतीन. एका तासाची चूक तिथे होते. दुसऱ्या ओळीतला टिंब हजाराचा आहे, दशांशाचा नाही. तो जसाच्या तसा आला तर घाईत वाचणाऱ्याला शुल्क सव्वा युरो वाटेल. तिसऱ्या ओळीत साक्षांकित प्रती मागितल्या आहेत, मूळ कागद नकोत. "मूळ" आणि "प्रत" यांची अदलाबदल झाली तर दहावीचं मूळ प्रमाणपत्र परदेशी टपालात जाईल.

आता ट्रेल कुठला गेला याने काय फरक पडतो ते बघा. तिने जीमेलच्या पट्टीतलं भाषांतर वापरलं, उत्तरात लिहिलं की 3 जूनला साडेतीन वाजता हजर राहीन. ट्रेलमध्ये जर्मन `halb drei` गेलं. कार्यालयातल्या माणसाला वर साडेतीन आणि खाली स्वतःचं अडीच एकाच पानावर दिसतं आणि तो लगेच दुरुस्ती कळवतो. तिने ब्राउझरचं भाषांतर वापरलं असतं तर खालीही देवनागरीत साडेतीनच असतं. त्याला ते वाचता आलं नसतं, आणि वाचता आलं असतं तरी त्याला स्वतःचंच पत्र तसं होतं असं दिसलं असतं. तिच्याकडेही पडद्यावर साडेतीन, पाठवलेल्यात साडेतीन. चूक पकडायला कुठे जागाच उरली नसती.

म्हणून तारीख, वेळ, रक्कम आणि कागदांची नावं यांच्यापुरतं भाषांतर बाजूला सारून मूळ ओळ बघावीच. जर्मन येत नसलं तरी आकडे येतात. वेळ अक्षरांत लिहिलेली असेल तर उत्तरात ती चोवीस तासांच्या आकड्यात लिहून विचारावी: 14:30 बरोबर आहे ना. यंत्राने काय केलं याचा वाद उरत नाही.

दोन्ही मजकूर पाठवायचे असतील तर

कधी ट्रेलमध्ये मराठीही हवं असतं. सोबत काम करणाऱ्याला मूळ आणि अर्थ दोन्ही दाखवायचे असतात, किंवा आपल्या उत्तराचं जर्मन भाषांतर जोडायचं असतं. ट्रेलला हात न लावता हे होतं. पडद्यावरचं भाषांतर निवडा, कॉपी करा, रिप्लायच्या वरच्या भागात चिकटवा. चिकटवताना `Ctrl+Shift+V` वापरा, म्हणजे रंग, टेबलं आणि ते नकोसे टॅग येत नाहीत. वर एक ओळ लिहा की खालील भाषांतर यंत्राने केलेलं आहे, अधिकृत मजकूर ट्रेलमधला. स्वतःचं उत्तर परकीय भाषेत पाठवत असाल तर ज्या भाषेत आपण विचार करून लिहिलं ती मराठी किंवा इंग्रजी प्रतही खाली ठेवा. समोरच्याला यंत्राचं वाक्य खटकलं तर त्याला मागे वळून बघायला काहीतरी हवं.

एक मार्ग मात्र कटाक्षाने टाळा. विंडोजवरच्या जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये आलेला मेल वेगळ्या खिडकीत उघडला की `Actions` मध्ये `Edit Message` नावाचं कलम असतं. त्याने आलेल्या मेलचा मजकूर बदलता येतो आणि साठवता येतो. काहीजण तिथे जर्मनच्या जागी मराठी चिकटवून सेव्ह करतात, म्हणजे पुढच्या वेळी भाषांतर करायला नको. या एकाच ठिकाणी मूळ मजकूर खरोखर जातो, आणि एक्स्चेंजच्या खात्यात बदल सर्व्हरवरच साठतो, म्हणून फोनवरही मराठीच दिसतं. त्यानंतर केलेल्या प्रत्येक रिप्लायमध्ये मराठीच जातं, कारण आता साठवलेला मेलच तो आहे. असं होऊन बसलं असेल तर जुन्या संभाषणातल्या एखाद्या पुढच्या मेलच्या ट्रेलमध्ये मूळ जर्मन सापडतं का बघा, कारण मेल बदलण्याआधी आपण रिप्लाय केला असेल आणि समोरच्याने त्यावर उत्तर दिलं असेल तर त्या ट्रेलमध्ये त्याचा मजकूर शाबूत असतो. नाहीतर पाठवणाऱ्याकडेच पुन्हा मागावा लागतो.

भाषांतराचा पर्याय दिसतच नाही

ब्राउझरच्या भाषांतराकडे लोक वळतात ते बहुतेक वेळा मेलमधलं बटण न दिसल्यामुळे, म्हणून हे थोडक्यात. जीमेलमध्ये पट्टी आपोआप आली नाही तर मेलच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत भाषांतराचं कलम असतं. फोनवरच्या ॲपमध्येही तिथेच, तिथे ही सोय 2023 पासून आहे. आउटलुकच्या वेब आवृत्तीत सेटिंग्ज, `Mail`, `Message handling` इथे भाषांतराचे पर्याय आहेत, आणि क्लासिक आउटलुकमध्ये `File`, `Options`, `Language` मध्ये. कधीकाळी "या भाषेसाठी विचारू नका" दाबलं गेलं असेल तर पट्टी त्या भाषेला येत नाही, ते इथे उलटवता येतं.

पट्टी येते पण भाषा चुकीची ओळखते, हेही होतं. दोन ओळींचं जर्मन आणि त्याखाली वीस ओळींची इंग्रजी कायदेशीर सूचना असेल तर मेल इंग्रजी धरला जातो. कोकणी मेल देवनागरीत असला की मराठी किंवा हिंदी समजला जाऊ शकतो, आणि रोमन लिपीतल्या मराठीवर तर यंत्र हमखास अडखळतं. पट्टीत मूळ भाषा निवडता येत असेल तर ती हाताने निवडा. मेलचा मजकूर चित्राच्या रूपात असेल, जाहिराती आणि काही सरकारी सूचना तशा असतात, तर मेलमधलं भाषांतर त्याला शिवत नाही. जोडलेल्या पीडीएफलाही नाही. एन्क्रिप्ट केलेल्या मेलवरही भाषांतर चालेलच असं नाही, आणि अशा वेळी मजकूर कॉपी करून बाहेरच्या साइटवर टाकण्याआधी तो एन्क्रिप्ट का केला होता हे आठवा.

अक्षरांच्या जागी `Ã¼` असली चिन्हं दिसत असतील तर भाषांतर करूच नका. तिथे अक्षरांची सांकेतिक पद्धत चुकली आहे, आणि यंत्र त्या कचऱ्याचंही काहीतरी मराठी करून देतं. आधी थंडरबर्डमध्ये `View` मधून एन्कोडिंग दुरुस्त करून घ्या. वेबमेलमध्ये तशी सोय नसेल तर पाठवणाऱ्यालाच तो मजकूर पीडीएफ करून पाठवायला सांगा.